बातमीत 'सांगितले', 'दावा केला', 'आरोप केला' की 'कबूल केले'? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांहून बातम्या पाठवणारे वार्ताहर, त्या बातम्या संपादित करणारे उपसंपादक आणि संस्थांची पत्रके लिहिणारे कार्यकर्ते यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांसाठी सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण वापरले आहे. समजा, १,८०० लोकवस्तीचे एक गाव आहे. माणशी २० लिटर या हिशेबाने त्या गावाला दिवसाला ३६,००० लिटर पाणी लागते, म्हणून १२,००० लिटरच्या टँकरच्या रोज तीन खेपा मंजूर झाल्या आहेत. टँकर गावच्या सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो आणि प्रत्येक खेपेची नोंद लॉगबुकात होऊन तिच्यावर सही घेतली जाते. गावातल्या महिलांचे म्हणणे आहे की विहिरीत रोज दोनच खेपा पडतात.

बोलणाऱ्याचे शब्द तेच असतील, तर पुढच्या क्रियापदाने काय बिघडते?

बोलणाऱ्याच्या शब्दांना काही होत नाही. त्या शब्दांवर लिहिणाऱ्याचा विश्वास किती आहे, हे मात्र क्रियापदातून वाचकापर्यंत पोहोचते, आणि तेही असे की लिहिणाऱ्याने आपले मत दिले आहे हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही.

'रोज दोनच खेपा येतात, असे महिलांनी सांगितले' या वाक्यात वार्ताहर बाजूला उभा आहे. 'असा दावा महिलांनी केला' असे लिहिले की तो म्हणतो, हे त्यांचे म्हणणे आहे, मी पडताळलेले नाही, आणि कदाचित मला शंकाही आहे. 'असा आरोप महिलांनी केला' म्हटले की त्यात एक दोषी व्यक्ती शिरते, मग महिलांनी कोणाचे नाव घेतलेले असो वा नसो. आणि 'रोज दोनच खेपा येत असल्याचे महिलांनी निदर्शनास आणून दिले' असे लिहिले, तर दोन खेपांची गोष्ट खरी आहे असे स्वतः वार्ताहरानेच छापून टाकले, कारण जे मुळात नाही ते कोणाच्या निदर्शनास आणून देता येत नाही.

'म्हणाले', 'सांगितले' आणि 'म्हटले आहे' यांत फरक करायचा का?

करावा, कारण वाचकाला त्यावरून शब्द कुठून आले ते कळते. 'सरपंच म्हणाले' म्हणजे तोंडी बोलणे, आणि ते बहुधा त्यांच्याच शब्दांत दिलेले. 'निवेदनात म्हटले आहे' किंवा 'फिर्यादीत नमूद केले आहे' म्हणजे कागद. ग्रामस्थांनी तहसीलदारांना दिलेले निवेदन समोर ठेवून बातमी लिहिली असेल आणि त्यात 'ग्रामस्थ म्हणाले' असे आले, तर आपण गावात जाऊन लोकांशी बोललो असा समज होतो. ही लहान बाब वाटते, पण उद्या एखाद्या ग्रामस्थाने 'मी असे बोललोच नाही, मी फक्त सही केली' असे सांगितले की वार्ताहराची पंचाईत होते.

'सांगितले' या शब्दाला विश्वासाची हलकी छटा आहे. ज्याला माहीत आहे तो सांगतो, असे आपण मराठीत गृहीत धरतो. तरीही बातमीत हा शब्द इतका रुळला आहे की तो जवळपास तटस्थ झाला आहे, आणि शंका असेल तेव्हा याच दोन-तीन शब्दांकडे परत यावे हे उत्तम. एका बातमीत 'म्हणाले' पाच वेळा आले तर शाळेतला निबंध वाटतो, अशी तक्रार काही उपसंपादक करतात. मला ती पटत नाही. वाचकाची नजर 'म्हणाले'वरून घसरून पुढे जाते. केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी दुसऱ्या परिच्छेदात 'प्रतिपादन केले', तिसऱ्यात 'दावा केला' आणि चौथ्यात 'ठणकावले' असे शब्द पेरले, तर एकच माणूस चार परिच्छेदांत चार स्वभावांचा होऊन बसतो.

'दावा केला' हा शब्द सुरक्षित म्हणून सगळीकडे वापरला तर?

हा शब्द लिहिणाऱ्यासाठी सुरक्षित आहे, बोलणाऱ्यासाठी नाही. 'दावा' योग्य ठरायला साधारण दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे, विधान पडताळता येण्याजोगे असून अजून पडताळलेले नाही. दुसरी म्हणजे, ते खरे मानले जाण्यात बोलणाऱ्याचा हितसंबंध आहे. टँकरचा ठेकेदार 'माझ्या तीनही खेपा रोज पोहोचतात' असे म्हणतो, तेव्हा त्याचे बिल खेपांवर ठरणार असते आणि लॉगबुक, टँकरवर बसवलेल्या जीपीएसची नोंद किंवा विहिरीवरची माणसे यांच्याकडून ते तपासता येते. तेथे 'दावा' चपखल बसतो.

एखादी महिला मात्र 'पहाटे चारला उठून विहिरीवर नंबर लावावा लागतो' असे सांगते, तेव्हा ती स्वतः भोगलेले सांगत असते. 'पहाटे चारला उठत असल्याचा दावा महिलेने केला' या वाक्यात तिला खोटे ठरवण्याची तयारी दिसते, आणि वार्ताहराचा तसा हेतू नव्हता हे वाचकाला कळण्याचा काही मार्ग नसतो. वेदना, भूक, भीती, आठवण या गोष्टींना 'दावा' लावू नये.

आपल्याकडे याहून मोठी खोट वेगळीच आहे, ती जोडीत दिसते. एकाच बातमीत 'दोनच खेपा येत असल्याचा दावा ग्रामस्थांनी केला' आणि दोन ओळींनंतर 'तीनही खेपा नियमित सुरू असल्याची माहिती गटविकास अधिकाऱ्यांनी दिली' असे छापले जाते. जी दिली ती 'माहिती' आहे, असे म्हटल्यावर ती खरी असल्याचे वार्ताहराने मान्यच केले. दोघांचीही विधाने पडताळलेली नसताना एकाच्या वाट्याला दावा आणि दुसऱ्याच्या वाट्याला माहिती आली, तर निकाल क्रियापदानेच देऊन टाकला. हे जाणूनबुजून क्वचित होते. कार्यालयातून आलेल्या पत्रकातला 'माहिती दिली' हा शब्दप्रयोग तसाच उतरतो, आणि गावातल्या लोकांचे पत्रक नसल्यामुळे त्यांच्यासाठी शब्द आपण शोधतो. बातमी पाठवण्यापूर्वी प्रत्येक बोलणाऱ्याच्या पुढचे क्रियापद अधोरेखित करून ती यादी नुसती वरून खाली वाचली, तरी हा कल लगेच दिसतो.

'आरोप', 'तक्रार' आणि 'टीका' यांपैकी कोणता शब्द कधी वापरावा?

आरोपाला तीन गोष्टी लागतात: एक कृत्य, ते वाईट आहे ही समजूत, आणि ते कोणी केले हे सांगणे. 'विहिरीत दोनच खेपा पडतात' ही नुसती स्थिती आहे, म्हणून ती तक्रार झाली. 'तिसरी खेप ठेकेदार वाटेत विकतो' हा आरोप झाला. पहिल्या वाक्याला आरोप म्हटले की वाचक आपोआप गुन्हेगार शोधू लागतो, आणि गावात तो बहुधा सरपंचापाशी जाऊन थांबतो, मग त्यांचे नाव कोणी घेतले असो वा नसो.

आरोप आणि टीका यांतला फरक चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिला, आणि तो मराठीलाही तंतोतंत लागू पडतो. आरोप करणारा कृत्य वाईट आहे हे गृहीत धरतो आणि ते अमक्याने केले असे सांगतो. टीका करणारा ते अमक्याने केले हे गृहीत धरतो आणि ते वाईट आहे असे सांगतो. 'तिसरी खेप विकल्याचा आरोप विरोधी सदस्यांनी ठेकेदारावर केला' या वाक्यात खेप विकली की नाही हा प्रश्न मोकळा राहतो. 'तिसरी खेप विकल्याबद्दल विरोधी सदस्यांनी ठेकेदारावर टीका केली' असे लिहिले की खेप विकली गेलीच, फक्त त्यावर कोण काय म्हणाले एवढेच वाचकाला सांगायचे उरते. सभेच्या बातमीत 'टीका केली' हा सौम्य शब्द वाटतो म्हणून तो 'आरोप'च्या जागी घातला जातो, आणि नेमका तोच शब्द ठेकेदाराला अधिक घातक ठरतो. 'निषेध केला', 'जाब विचारला', 'धारेवर धरले' यांनाही हाच नियम लागू आहे. जाब घडलेल्या गोष्टीचाच विचारला जातो.

एखादे क्रियापद विधान खरे मानते की नाही, हे ओळखण्याची काही सोपी युक्ती आहे का?

आहे. वाक्य नकारार्थी करून पाहावे आणि त्यानंतर काय शिल्लक उरते ते बघावे. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये अशा क्रियापदांचा वर्ग वेगळा काढून दाखवला, तेव्हा त्यांनीही ही कसोटी वापरली होती.

'सह्या एकदम घेतल्याचा दावा कोणी केला नाही.' येथे सह्या एकदम घेतल्या की नाही याबद्दल वाचकाच्या मनात काहीच राहत नाही. 'सह्या एकदम घेतल्याचे ग्रामसेवकाने कबूल केले नाही.' येथे नकार असूनही वाचक म्हणतो, घेतल्या तर होत्या, हा कबूल करत नाही एवढेच. 'उघड केले नाही', 'निदर्शनास आणले नाही', 'लक्षात घेतले नाही' यांतही तेच घडते. नकार दिल्यावरही जे विधान उभे राहते, ते क्रियापदाने आधीच खरे मानलेले असते. म्हणून 'सह्या एकदम घेतल्याचे कबूल करण्यास ग्रामसेवकाने नकार दिला' हे वाक्य वरवर त्याची बाजू देणारे असले तरी त्याला बुडवणारे आहे. 'सह्या एकदम घेतल्याचा आरोप ग्रामसेवकाने नाकारला' असे लिहिल्याने दोन्ही शक्यता जिवंत राहतात.

'ठामपणे सांगितले', 'स्पष्ट केले', 'खुलासा केला' हे शब्द तटस्थ आहेत ना?

'ठामपणे सांगितले' आणि 'ठासून सांगितले' यांत बोलण्याची पद्धत येते, विधानाचा खरेपणा येत नाही. बोलणारा खरोखर ठाम होता, म्हणजे प्रतिप्रश्न झाल्यावरही त्याने तेच सांगितले, असे आपण ऐकले असेल तरच हे शब्द वापरावेत. लेखी पत्रकावरून ठामपणा कळत नाही. 'प्रतिपादन केले' हा व्याख्यानाच्या बातमीतला शब्द आहे. तो मतासाठी आणि युक्तिवादासाठी शोभतो, टँकरच्या खेपांसाठी नाही.

'स्पष्ट केले' मात्र फसवे आहे. आधी गोंधळ होता आणि आता खरे काय ते कळले, असे ते क्रियापद म्हणते. 'कोणतीही खेप बुडाली नसल्याचे गटविकास अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले' असे छापले की वाद संपला. एखाद्या योजनेची तारीख, अर्जाची मुदत, नियमाचा अर्थ यांबाबत अधिकारी 'स्पष्ट करतात' हे ठीक, कारण ते ठरवण्याचा अधिकार त्यांचाच असतो. विहिरीत पाणी पडले की नाही हे ठरवण्याचा तसा अधिकार कोणालाच नाही. 'खुलासा केला' या शब्दात तर दोन अर्थ आहेत. कार्यालयीन भाषेत खुलासा म्हणजे नोटिशीला दिलेले उत्तर, आणि ते खरे असेलच असे नाही. मथळ्यात 'धक्कादायक खुलासा' म्हणजे दडलेले सत्य बाहेर येणे. ग्रामसेवकाने नोटिशीला उत्तर दिले असेल तर 'नोटिशीला दिलेल्या खुलाशात म्हटले आहे' असे लिहावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

'कबूल केले', 'मान्य केले' आणि 'कबुली दिली' यांबाबत इतकी खबरदारी का घ्यायची?

कारण या शब्दांत एकाच वेळी तीन गोष्टी ठरून जातात: विधान खरे आहे, ते बोलणाऱ्याच्या विरोधात जाणारे आहे, आणि तो आधी ते सांगायला तयार नव्हता. तिन्ही गोष्टी वार्ताहराला माहीत असतील तरच हे क्रियापद त्याला शोभते. सरपंच विचारल्याबरोबर म्हणाले की 'हो, मागच्या मंगळवारी टँकर नादुरुस्त होता, त्या दिवशी एकच खेप आली', तर त्यात लपवाछपवी कुठेच नाही. 'एकच खेप आल्याचे सरपंचांनी कबूल केले' असे लिहून आपण त्यांच्या प्रामाणिक उत्तराला चोरी पकडल्याचे रूप देतो. तेथे 'सांगितले' पुरे.

मराठीत आणखी एक गंमत आहे. 'कबूल करणे' आणि 'मान्य करणे' यांचा अर्थ वचन देणे, होकार देणे असाही होतो, आणि तो कोणता हे आधीच्या क्रियारूपावरून ठरते. 'तिसरी खेप पाठवण्याचे ठेकेदाराने कबूल केले' म्हणजे पुढे पाठवीन असा शब्द दिला. 'तिसरी खेप न पाठवल्याचे ठेकेदाराने कबूल केले' म्हणजे मागची चूक पदरात घेतली. घाईत लिहिलेल्या मथळ्यात हे क्रियारूपच गळते आणि 'तिसऱ्या खेपेबाबत ठेकेदाराची कबुली' एवढेच उरते. त्याचा अर्थ वाचक चुकीकडेच लावणार. वचन असेल तर 'आश्वासन दिले' किंवा 'तयारी दर्शवली' असे लिहावे.

पोलीस ठाण्याच्या बातमीत 'कबुली'चा प्रश्न कायद्याचा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. ही तरतूद १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यातही होती. कोठडीतला आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष समोर बोलला तर गोष्ट वेगळी, आणि त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा ग्राह्य धरला जाऊ शकतो. म्हणजे 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य आपण ज्या पत्रकावरून उतरवतो, त्या पत्रकातली कबुली बहुतेक वेळा न्यायालयात उभीच राहणार नसते. शिवाय ती कबुली आपण ऐकलेली नसते, पोलिसांनी ऐकल्याचे पोलीस सांगतात. 'आरोपीने गुन्हा केल्याचे सांगितल्याचे पोलिसांनी सांगितले' हे वाक्य कानाला खुपते खरे. त्याऐवजी 'आरोपीने चौकशीत गुन्हा कबूल केला, असे पोलिसांचे म्हणणे आहे' एवढे लिहिले तरी बोलणारा कोण ते स्पष्ट होते.

'कबुलीजबाब' हा शब्द न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे रीतसर नोंदवलेल्या जबाबासाठीच राखून ठेवावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ नुसार तो नोंदवण्यापूर्वी 'कबुली देण्यास तुम्ही बांधील नाही, आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते' हे त्या व्यक्तीला समजावून सांगावे लागते. चावडीवर किंवा ठाण्याच्या ओसरीवर झालेल्या बोलण्याला तो दर्जा नाही.

हे सगळे एका बातमीत कसे उतरते, ते दाखवता येईल का?

टँकरच्या गावाची बातमी तीन दिवसांची आहे असे धरू.

पहिल्या दिवशी महिला रिकाम्या घागरी घेऊन पंचायत समितीवर जातात आणि निवेदन देतात. वार्ताहराने लिहिले: 'टँकर ठेकेदाराने खेप चोरल्याचा महिलांचा आरोप'. निवेदन वाचले तर त्यात चोरी नाही आणि ठेकेदारही नाही. त्यात एवढेच आहे की 'मंजूर तीन खेपांपैकी दोनच मिळतात, तरी तिसरी मिळावी'. मग योग्य वाक्य असे: 'मंजूर तीन खेपांपैकी दोनच खेपा मिळत असल्याची तक्रार महिलांनी निवेदनाद्वारे केली आहे.' निवेदन देताना एखादी महिला खिडकीपाशी म्हणाली असेल की 'तिसरी खेप कुठं जाते ते सगळ्या गावाला ठाव हाय', तर ते वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात द्यावे आणि पुढे नुसते 'म्हणाल्या' लिहावे. ती कोणाकडे बोट दाखवते आहे हे आपण पूर्ण करून सांगू नये.

दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकारी म्हणतात की लॉगबुकात रोज तीन खेपांची नोंद आहे. येथे दोन वेगळी विधाने आहेत आणि ती वेगळीच ठेवावीत. लॉगबुकात नोंद आहे हे वार्ताहराने स्वतः पाहिले, तर कोणाच्याही तोंडी न घालता थेट लिहावे: 'लॉगबुकात या आठवड्यात रोज तीन खेपांची नोंद आहे.' तीन खेपा प्रत्यक्ष आल्या, हे मात्र अधिकाऱ्यांचे म्हणणे आहे: 'त्यामुळे तीनही खेपा पोहोचल्या असल्या पाहिजेत, असे गटविकास अधिकारी म्हणाले.' नोंद ही वस्तुस्थिती आणि खेप हा निष्कर्ष. 'तीन खेपा पोहोचल्याचे लॉगबुकावरून सिद्ध होते, असे त्यांनी स्पष्ट केले' या एका वाक्यात हा सगळा सांधा झाकला जातो.

तिसऱ्या दिवशी अधिकारी गावात येतात. विहिरीच्या काठावर ग्रामसेवकाला सह्यांबद्दल विचारले जाते. आधी तो म्हणतो, सह्या रोजच्या रोज होतात. लॉगबुकाच्या एका पानावरच्या सगळ्याच सह्या एकाच निळ्या पेनने, एकाच ढंगात ओळीने दिसतात, ते दाखवल्यावर तो म्हणतो, 'कामाचा ताण असतो, आठवड्याच्या सह्या कधीकधी एकदम घेतल्या.' आता 'कबूल केले' वापरायला हरकत नाही. विधान त्याच्या विरोधात जाते, आधी त्याने नाकारले होते, आणि पान आपण पाहिले आहे. परंतु कबूल काय केले? सह्या एकदम घेतल्याचे. खेपा कमी आल्याचे त्याने कबूल केलेले नाही. तीनही खेपा आल्या आणि सह्या नंतर झाल्या, असे घडणे शक्य आहे.

'खेपा बुडाल्याची ग्रामसेवकाची कबुली' हा मथळा येथे खोटा ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच मथळा हातात घेऊन ग्रामसेवक कार्यालयाच्या दारात उभा राहील. वाक्य असे हवे: 'आठवड्याच्या सह्या काही वेळा एकदम घेतल्याचे ग्रामसेवकाने कबूल केले. खेपा कमी आल्या का, या प्रश्नावर त्याने उत्तर दिले नाही.' कबुलीच्या क्रियापदापुढे तेवढेच ठेवावे जेवढे माणसाने खरोखर पदरात घेतले. त्यातून काय निष्कर्ष निघतो ते पुढच्या वाक्यात, वेगळ्या तोंडून किंवा वेगळ्या पुराव्यावरून येऊ द्यावे. जीपीएसची नोंद मिळाली, तर चौथ्या दिवशी कोणालाच काही कबूल करावे लागणार नाही.

आरोप नाकारल्याची बातमी देताना कोणता शब्द घ्यावा?

'नाकारला' हा सर्वांत साधा आणि सर्वांत योग्य. 'इन्कार केला' त्याच्या जवळचाच. 'फेटाळला' यात अधिकाराचा सूर येतो, कारण फेटाळतो तो निर्णय देणारा: न्यायालय अर्ज फेटाळते. ज्याच्यावर आरोप आहे तोच तो फेटाळू लागला, तर आपल्याच खटल्याचा न्यायाधीश झाल्यासारखे दिसते. 'खंडन केले' तेव्हाच लिहावे, जेव्हा पुरावा देऊन मुद्दा खोडून काढला असेल.

'आरोप' किंवा 'कथित' हा शब्द टाकला की बदनामीच्या खटल्यातून सुटका होते का?

होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची व्याख्या आणि तिचे अपवाद दिले आहेत, आणि 'हे दुसऱ्याने म्हटले, मी फक्त छापले' असा अपवाद त्यात नाही. दुसऱ्याने केलेला बदनामीकारक आरोप आपण प्रसिद्ध केला, तर प्रसिद्ध करण्याची जबाबदारी आपली राहते. न्यायालयाच्या कामकाजाचा बऱ्याच अंशी खरा वृत्तान्त देणे हा त्यातला एक अपवाद आहे, म्हणून सुनावणीत वकिलांनी काय युक्तिवाद केला ते नेमकेपणाने देता येते. तोच वकील आवाराबाहेर चहाच्या टपरीवर जे बोलतो ते कामकाज नव्हे.

'कथित' या शब्दाचे आणखी एक दुखणे आहे. तो कोणाचे कथन ते सांगत नाही. 'कथित टँकर घोटाळा' असे लिहिले की घोटाळा हा शब्द वाचकाच्या डोक्यात बसतो आणि 'कथित' गळून पडतो. कोणी म्हटले ते नावासह किंवा पदासह सांगून 'घोटाळा झाल्याचा आरोप अमुक यांनी केला आहे' असे लिहिणे लांबलचक असले तरी न्याय्य आहे. त्याच बातमीत ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजूही यावी, आणि संपर्क होऊ शकला नाही तर कसा प्रयत्न केला ते लिहावे.

'असे बोलले जाते', 'असे समजते' आणि 'म्हणे' यांचे काय?

'म्हणे' हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे. 'टँकर रात्री हॉटेलवर रिकामा होतो म्हणे' एवढ्यात सांगणारा कळवतो की मी पाहिलेले नाही, ऐकले आहे, आणि पैज लावणार नाही. गप्पांत हा प्रामाणिकपणा आहे. बातमीत मात्र त्याला जागा नाही, कारण त्यात ऐकीव असण्याची कबुली असली तरी कोणाकडून ऐकले ते नाही, आणि सूर बहुधा उपरोधाचा लागतो. वृत्तपत्रातल्या सदरात, ललित टिपणात तो चालेल.

'बोलले जाते', 'चर्चा आहे', 'समजते' ही त्याचीच शहाणी भावंडे. यांत बोलणारा पूर्णपणे नाहीसा होतो. एखादा अधिकारी नाव न देण्याच्या अटीवर बोलला असेल, तर निदान त्याचे खाते आणि त्याला ही गोष्ट कशी माहीत आहे एवढे सांगावे: 'पाणीटंचाई कक्षात काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने सांगितले'. तेवढेही सांगता येत नसेल, तर एक दिवसभर विहिरीवर जाऊन बसावे आणि किती खेपा पडतात ते मोजावे, म्हणजे बातमीत क्रियापदाचा प्रश्नच उरत नाही: 'सोमवारी सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत विहिरीत दोन टँकर रिकामे झाले.'